फहमी मास्तरांची माशी

कॅनडातल्या विंडसर गावात वायनडॉट रस्त्यावर अरब लोकांची दुकानं ओळीनं लागून आहेत. पावाची भट्टी, खाटीक, न्हावी, मिठाईवाला. त्या रस्त्यानं फहमी मास्तर चालत यायला लागले की दुकानदार मंडळी हळूच आत सरकायची. मास्तर उधारी मागायला यायचे नाहीत, भांडायला तर नाहीच नाही. ते यायचे पाटी वाचायला.

पाटीसमोर उभं राहायचं, चष्मा वर करायचा, मान तिरकी करायची, आणि मग शांतपणे सांगायचं की बाबा रे, ह्या अक्षरावर एक हमजा हवा होता, एवढीशी वाकडी खूण, तो कुठं गेला. आपल्याकडे पाटीवर वेलांटी उलटी पडली तर आपण वाचतो आणि पुढं जातो. मास्तरांना पुढं जाताच यायचं नाही. पाय अडायचा. पाववाल्यानं एकदा वैतागून विचारलं होतं, "उस्ताज, हमजा नसला म्हणून पाव कमी फुगतो का?" मास्तर म्हणाले होते, पाव फुगतो, पण वाचणारा रुसतो. शेवटी पाववाल्यानं शिडी लावून, ब्रशनं हमजा काढला. तेव्हापासून त्या दुकानात मास्तरांना एक पाव जास्तीचा मिळायचा.

मास्तर मूळचे इजिप्तमधल्या तांता गावचे. अडतीस वर्षं तिथल्या शाळेत अरबी व्याकरण शिकवलं. बायको गेली, पेन्शन बसली, आणि विंडसरला असलेल्या मुलीनं बोलावून घेतलं. जावई मोटारींच्या कारखान्यात, मुलगी नोकरीला, नातवंडं शाळेत, आणि मास्तर बेसमेंटमध्ये, पुस्तकांच्या खोक्यांसोबत. नातवंडं इंग्रजीत बोलायची. मास्तर जेवताना त्यांना एखादं क्रियापद चालवायला सांगायचे, तर पोरं ताट घेऊन टीव्हीसमोर पळायची. चुका काढायला घरात कुणी उरलं नाही की माणूस पाट्या वाचत फिरणार, नाहीतर काय करणार.

मुलीनंच मग युक्ती काढली. जवळच्या लायब्ररीत मंगळवारी आणि शनिवारी सकाळी एक टेबल मागून घेतलं. त्यावर मास्तरांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात पाटी ठेवली: अरबी पत्रं, अर्ज, अहवाल शुद्ध भाषेत लिहून मिळतील.

शुद्ध भाषेत, ह्या शब्दात सगळी गोम आहे. अरबांचं असं आहे की लिहायची भाषा वेगळी आणि बोलायची वेगळी. लिहायची ती वीस-बावीस देशांत एकच, इस्त्री केलेल्या धोतरासारखी. तिला फुस्हा म्हणतात. आणि घरात, बाजारात, फोनवर बोलायची ती ज्याच्या-त्याच्या गावची. नांदेडची बाई आणि मालवणची बाई एकमेकींना निदान ओळखतील तरी. मोरोक्कोचा माणूस आणि येमेनचा माणूस घरच्या बोलीत बोलायला लागले तर दोघं शेवटी हातवारे करतात. म्हणून सरकारला, संस्थेला, पंचांना काही द्यायचं झालं की ते फुस्हामध्येच द्यावं लागतं. अन् फुस्हा चुकीची लिहिली तर वाचणारा पहिल्याच ओळीला ठरवतो, हे कुणी अडाणी दिसतंय.

मास्तरांना घरच्या बोलीबद्दल फार प्रेम नव्हतं. स्वतः ते मुलीशी तांताच्याच बोलीत बोलायचे, पण ते त्यांना बोली वाटायचंच नाही. बोली म्हणजे दुसऱ्यांची.

२०१० सालच्या फेब्रुवारीत सालेम त्यांच्या टेबलाशी आला. सालेम येमेनमधल्या हद्रमौत भागातला, ट्रक चालवायचा, ऑन्टारिओभर माल पोचवायचा. आडवा माणूस, हसला की खुर्ची हलायची. हातात कागदांचा गठ्ठा होता. त्यानं सांगितलं ते असं. त्याच्या गावासाठी आखातातली एक धर्मादाय संस्था मदत करायची. संस्थेकडे चाळीस गावं. दर वर्षी प्रत्येक गावानं आपल्या परिस्थितीचा अहवाल द्यायचा, तोही शुद्ध फुस्हामध्ये. ते वाचून संस्थेची समिती ठरवायची की ह्या वर्षी कुठल्या दोन गावांत काम करायचं. पंप, दवाखाना, वीज, जे लागेल ते. समिती ह्या रविवारी सकाळी बसणार होती. गावात लिहिणारे होते, पण टाईप करायची आणि ई-मेलची सोय फक्त तालुक्याच्या कॅफेत, तीही तासाला पैसे मोजून, म्हणून संस्थेशी पत्रव्यवहार सालेमच्या गळ्यात होता.

"सगळी माहिती ह्यात आहे," सालेम म्हणाला. "माझा भाचा अवद आठवड्यातून एकदा तालुक्याच्या गावी इंटरनेट कॅफेत जातो आणि मला लिहितो. त्याचंच सगळं छापून आणलंय. मी त्याला काय विचारलं ते गाळलं, त्याचा काय उपयोग. उस्ताज, गावाचं पाणी तुमच्या लेखणीत आहे बघा."

मास्तरांना हे वाक्य आवडलं. त्यांनी कागद उलगडला आणि त्यांचा चेहरा पडला.

सालेमच्या ट्रकमधल्या जुन्या लॅपटॉपवर अरबी अक्षरं दिसायची नाहीत. म्हणून भाचा अरबी बोलायचा, पण लिहायचा इंग्रजी अक्षरांत. आणि इंग्रजीत नसलेल्या अरबी आवाजांसाठी आकडे घालायचा. तीनचा आकडा म्हणजे घशातला एक आवाज, सातचा आकडा म्हणजे दुसरा, पाच म्हणजे खाकरल्यासारखा तिसरा. तेव्हाची सगळी अरब तरुण पोरं असंच लिहायची. मास्तरांना वाटलं लॉटरीची तिकिटं आणलीत. सालेमनं त्यांना आकडे समजावले, आपला फोन नंबर लिहून दिला, आणि थंडर बेच्या बाजूला माल घेऊन निघून गेला.

मास्तरांनी मात्र काम मन लावून केलं, हे म्हणायलाच हवं. आधी सगळे संदेश वहीत अरबी अक्षरांत उतरवून काढले. मग एकेक ओळ घेतली. भाचा 'धल्हीन' म्हणायचा. मास्तरांनी डोकं खाजवलं आणि लक्षात आलं की हे तर 'हा वेळ' ह्याच शब्दांचं मुटकुळं आहे, म्हणजे 'आत्ता'. लगेच तिथं शुद्ध शब्द घातला. भाचा 'बायका' म्हणायचा, मास्तरांनी 'गावातील स्त्रिया' केलं. भाच्याची अर्धी वाक्यं क्रियापदाशिवाय होती, त्यांना क्रियापदं बसवली. शेवटचे स्वर, जे बोलताना कुणीच लावत नाही, ते अवघड शब्दांवर चिन्हं देऊन लावले. फाटक्या पोराला आंघोळ घालून सदरा चढवावा तसं चाललं होतं.

आणि भाचा एक शब्द फार वापरायचा. माशी.

आपल्याकडे माशी म्हणजे घोंघावणारी. इजिप्तमध्ये माशी म्हणजे चालणारं, चालू असलेलं. कुणी विचारलं कसं काय, की म्हणायचं माशी, चाललंय. ठीक आहे. बरं. मास्तर स्वतः दिवसातून पन्नास वेळा म्हणायचे.

भाच्यानं लिहिलं होतं: पंप माशी. वीज माशी. दवाखान्यातली नर्स माशी.

आता अरबीत पंप बाईमाणूस आहे, वीज बाईमाणूस आहे, आणि नर्स तर आहेच. तेव्हा 'चालणारी' म्हणायचं तर 'माशिया' हवं. भाचा प्रत्येक वेळी पुरुषाचं रूप लावत होता. एकदा नाही, सात वेळा. मास्तरांनी सातही वेळा लाल पेनानं खूण केली आणि समासात लिहिलं: लिंगभेद कळत नाही, पाया कच्चा. मनात म्हणाले, सालेमचा भाचा शाळेत जातो म्हणे. झाडायला जात असेल.

मग त्यांनी जे लिहिलं ते वाचून समितीनं उठून टाळ्या वाजवाव्यात. पंप अविरत व सुव्यवस्थित चालू आहे. वीजपुरवठा सुरळीत आहे. परिचारिका गावात नियमित फेऱ्या मारते, कारण नर्स 'चालते' म्हटल्यावर ती फेऱ्याच मारणार ना. भाच्यानं लिहिलं होतं, बायका विहिरीवरून पाणी आणतात, विहीर लांब आहे. मास्तरांनी त्याचं केलं: गावातील स्त्रिया विहिरीचे पाणी वापरतात, आणि सदर विहीर आरोग्याच्या दृष्टीने वस्तीपासून योग्य अंतरावर आहे. अशा नीटनेटक्या गावाला समिती पहिलं पकडेल, असं त्यांना वाटलं. पाच पानं. खाली नाव घातलं, पदवी घातली, आणि शनिवारी सकाळी लायब्ररी उघडल्या उघडल्या लॅपटॉपवरून ई-मेल करून मोकळे झाले. एवढं करून थर्मासमधला चहा ओतून घेतला आणि खुर्चीत मागं रेलले.

त्याच लायब्ररीत शनिवारी म्हाताऱ्या माणसांचा इंग्रजीचा वर्ग चालायचा. त्यात नांदेडकडच्या कमलाबाई यायच्या. मुलगा राजरत्न इथं इंजिनियर, सून नोकरीला, आणि बाई वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी 'धिस इज अ पेन' म्हणत होत्या. मास्तरांची आणि त्यांची ओळख चहावरून झाली. बाईंनी त्यांना एकदा शेंगदाण्याचा लाडू दिला, मास्तरांनी थर्मासमधून चहा दिला. दोघांचं मिळून इंग्रजी वीस शब्दांचं, पण चहाला किती शब्द लागतात.

फक्त एक गोष्ट मास्तरांना कळायची नाही. वर्ग सुटला की बाई कोट चढवायच्या, मफलर गुंडाळायच्या, मास्तरांकडे बघून मान डोलवायच्या आणि म्हणायच्या, "आय कम." आणि दाराबाहेर पडायच्या. मास्तर सरळ माणूस. येते म्हणाली म्हणजे येणार. ते लगेच दुसरा कप भरून ठेवायचे. पाच मिनिटं, दहा मिनिटं, कप थंड. बाई पुढच्या शनिवारीच उगवायच्या. असं पाच शनिवार झालं. मास्तरांनी मनाशी ठरवून टाकलं होतं की बाई बिचारी विसरभोळी आहे, तिला काही विचारू नये, वाईट वाटेल.

त्या शनिवारी बाई "आय कम" म्हणून गेल्या आणि खरंच परत आल्या. हातमोजे विसरले होते. सोबत बारा वर्षांची नात कल्याणी होती. मास्तरांनी आनंदानं भरलेला कप पुढं केला आणि नातीला म्हणाले, आज आजीला आठवण राहिली.

कल्याणीला काही कळेना. मास्तरांनी पाच शनिवारांचा हिशोब सांगितला. पोरगी तोंडावर हात ठेवून हसायला लागली आणि आजीकडे वळून म्हणाली, "आजी, ही थॉट यू आर कमिंग बॅक. तू एव्हरी टाइम आय कम म्हणतेस आणि घरी जातेस."

"मग काय म्हणू?" कमलाबाई म्हणाल्या. "जाते म्हणायचं असतंय का कधी? जाते म्हणजे मेलेच की मी. निघताना माणसानं येतेच म्हणावं."

कल्याणीनं ते इंग्रजी करून सांगितलं. आमच्याकडे निघताना 'जाते' म्हणत नाहीत, 'येते' म्हणतात. शब्द येण्याचा, अर्थ जाण्याचा. सगळ्यांना कळतं.

मास्तर हसले. पोटभर हसले. सगळ्यांना कळतं, मलाच कळलं नाही, म्हणून पुन्हा हसले. शब्दाचा अर्थ पुस्तकात बघून चालत नाही, तोंडं बघावी लागतात, असं काहीतरी शहाण्यासारखं बोलायला म्हणून त्यांनी तोंड उघडलं आणि ते उघडंच राहिलं. नजर टेबलावरच्या भाच्याच्या कागदांवर गेली होती.

सात लाल खुणा. सातही एकाच शब्दाशी.

त्यांनी कागद ओढला. बोट ठेवून वाचायला लागले. विहीर लांब आहे, असं भाच्यानं लिहिलं होतं ना. अरबीत विहीर बाईमाणूस आहे, पण तिच्या अंगावर तशी एकही खूण नाही. दिसायला साफ पुरुषी शब्द. तांताच्या शाळेतली अर्धी पोरं दर परीक्षेत त्यावर आपटायची, आणि दोन शिक्षकही. भाच्यानं मात्र 'लांब' हे अचूक बाईचं रूप लावलं होतं. गप्पा मारता मारता, सहज. ज्याला विहिरीची बाई कळते, त्याला नर्स बाई आहे हे कळत नाही? असं कसं होईल. म्हणजे तो शब्द 'चालणारा' नव्हताच. चालणारा नसेल तर त्याला लिंगच नको. मग तो आहे तरी काय?

मास्तर तोंडातल्या तोंडात "माशी, माशी" करत उभे राहिले. कमलाबाईंनी टेबलावरचं वर्तमानपत्र उचलून त्याची सुरळी केली आणि वर छताकडं बघायला लागल्या. "फेब्रुवारीत कसली माशी?" त्यांनी नातीला विचारलं. "बाहेर बर्फ पडलाय गुडघाभर."

मास्तरांनी सालेमला फोन लावला. लागला नाही. उत्तरेकडे जंगलातून रस्ता जातो, तिथं तासन्‌तास फोन लागत नाही. पुन्हा लावला. अकरा वाजले, बारा वाजले. कमलाबाई आणि कल्याणी केव्हाच घरी गेल्या, ह्या वेळी 'येते' म्हणून गेल्या तरी मास्तरांनी कप भरला नाही. त्यांचं गणित चाललं होतं. तिकडची रविवारची सकाळ म्हणजे इथली शनिवारची मध्यरात्र. लायब्ररी पाचला बंद. घरातलं इंटरनेट नातवानं काहीतरी करून ठेवल्यामुळे आठवडाभर बंद. म्हणजे जे काय करायचं ते पाचच्या आत, आणि करायचं काय तेच माहीत नाही.

पावणेतीनला फोन लागला. सालेम रस्त्याकडेच्या हॉटेलात सूप पीत होता.

"सालेम," मास्तर म्हणाले, "तुमच्या गावी माशी म्हणजे काय?"

"माशी? माशी म्हणजे नाही."

"काय नाही?"

"काहीच नाही. पाणी माशी म्हणजे पाणी नाही. 'मा' म्हणजे ना, 'शी' म्हणजे काही. उस्ताज, हे तर तुम्हीच शिकवता ना लोकांना?"

मास्तरांचं बोट सात लाल खुणांवरून फिरत राहिलं. पलीकडं सूप पिण्याचा आवाज थांबला.

"तुम्ही काय लिहिलंत?" सालेमनं विचारलं.

आता ज्या माणसानं वायनडॉट रस्त्यावरचा एक हमजा सोडला नाही, त्यानं सांगायचं तरी कसं. पण सांगितलं. पंप अविरत चालू. वीज सुरळीत. नर्स फेऱ्या मारते. विहीर आरोग्याला चांगली.

सालेमनं सूप बाजूला सारलं. मग सांगायला लागला. पंप नोव्हेंबरपासून बंद. वीज नाही. नर्स लग्न होऊन गेली, तिच्या जागी कुणी आलं नाही. बायका जाऊन-येऊन दोन तासांच्या विहिरीवरून डोक्यावर पाणी आणतात, त्यात त्याची बहीण, म्हणजे अवदची आई, गुडघ्यानं अधू. हा अहवाल समितीनं वाचला तर गाव चाळिसावं लागणार, आणि पुढचा अहवाल पुढच्या फेब्रुवारीत. सालेम ओरडला असता तर मास्तरांना बरं वाटलं असतं. तो एवढंच म्हणाला, "माझीही चूक आहे. मी माझे प्रश्न गाळायला नको होते. मी विचारलं होतं, वीज आहे का. त्याखाली ते वाचलं असतं तर शेंबड्या पोरालाही कळलं असतं."

शेंबडं पोर म्हटलं ते मास्तरांनी निमूट गिळलं. सालेमच्या ट्रकमध्ये मूळ संदेश होते. त्यानं सगळे प्रश्न फोनवर वाचून दाखवले आणि मास्तरांनी ते उत्तरांच्या वर लिहून घेतले. मध्ये मध्ये मास्तर थांबवायचे, ह्या शब्दाचा तुमच्याकडे अर्थ काय, आणि ह्याचा? सालेम सांगायचा. अडतीस वर्षं शिकवलेला माणूस चाळीस मिनिटं शिकत होता, तेही सूप पिणाऱ्या ट्रकवाल्याकडून.

साडेतीनला लिहायला बसले. अहवाल लिहायला वेळ लागला नाही. खरं असलं की वाक्यं लहान होतात. पंप तीन महिन्यांपासून बंद आहे. वीज नाही. परिचारिका नाही. स्त्रिया दोन तास चालून पाणी आणतात. चारच्या सुमारास सगळं झालं, दीड पान. अडले ते वरच्या पत्राला.

सकाळचा अहवाल रद्द समजावा, हे तर लिहायलाच हवं होतं. पण का? मास्तरांनी लिहिलं, टंकलेखनाच्या दोषामुळे. खोडलं. सात ठिकाणी एकच दोष करणारं यंत्र अजून निघालेलं नाही. मग लिहिलं, गावाकडून आलेली माहिती अस्पष्ट असल्यामुळे. ते वाचलं. भाषा निर्दोष होती, एका चिन्हाची चूक नव्हती, आणि सगळं खोटं होतं. हे वाचून समितीला वाटणार की हे गाव आज एक सांगतं, उद्या दुसरं. त्यांनी तेही खोडलं. घड्याळात साडेचार वाजले. लायब्ररीतली मुलगी खुर्च्या सरळ करायला लागली.

शेवटी त्यांनी लिहिलं: माहिती स्पष्ट होती. ती लिहिणाऱ्याने आपल्या गावच्या भाषेत अचूक लिहिली. मी इजिप्तचा असल्याने एका शब्दाचा माझ्या गावचा अर्थ घेतला, आणि तो उलटा निघाला. दोष सर्वस्वी माझा. खाली पुरावा म्हणून अवदचे मूळ शब्द जसेच्या तसे जोडले, सालेमच्या प्रश्नांसह, आणि प्रत्येकासमोर शुद्ध भाषेतला अर्थ. पुन्हा नाव घातलं. पदवी ह्या वेळी घातली नाही. पाचला सात मिनिटं कमी असताना पाठवलं, आणि त्याच झपाट्यात एक प्रत अवदलाही पाठवली. वस्तुस्थितीत काही चुकलं असल्यास कळवावं, असं त्याला नम्रपणे लिहिलं.

मंगळवारी संस्थेच्या चिटणिसाचं उत्तर आलं. दोन ओळी. समितीने दोन्ही अहवाल वाचले, दुसरा ग्राह्य धरला. गावाची निवड झाली असून महिनाभरात इंजिनियर येईल. मास्तरांनी ते सालेमला वाचून दाखवलं, आणि समासातल्या लाल शेऱ्यांचे कागदही त्याच्यापुढं ठेवले. सालेमनं त्यांच्या पाठीवर अशी थाप मारली की चष्मा नाकावरून खाली आला. नंतर वायनडॉट रस्त्यावर ही गोष्ट पोचली, अर्थात सालेमनंच पोचवली. मास्तर दुकानात शिरले की पाववाला विचारायचा, उस्ताज, आज कसं काय, माशी? इजिप्तचं की हद्रमौतचं, तेवढं सांगा म्हणजे पाव द्यायचा की नाही ते ठरवतो. मास्तर पाट्या वाचायचे थांबले नाहीत, पण मालकाला आधी विचारायला लागले की तुमच्या गावी ह्याला काय म्हणतात.

जूनमध्ये अवदचं उत्तर आलं. सालेमच्या लॅपटॉपवर ते दिसेना, म्हणून तो ते दुसरीकडून छापून घेऊन लायब्ररीत आला. ह्या वेळी कागदावर आकडे नव्हते, इंग्रजी अक्षरं नव्हती. शुद्ध अरबी. मास्तरांनी सवयीनं लाल पेन काढलं आणि वाचायला लागले. पहिला परिच्छेद संपला, पेन हवेतच. दुसरा संपला. वाक्यं अशी की एकात एक गुंफलेली, तरी कुठं गाठ नाही. पंप बसला, पहिल्या दिवशी पोरं नळाखाली कपड्यांसकट भिजली, आईचा गुडघा आता घरीच असतो, नर्स अजून यायची आहे. मास्तरांनी पेन खाली ठेवलं.

"हे त्याला कुणी लिहून दिलं?" त्यांनी विचारलं.

"कोण देणार? त्यानंच लिहिलं. तालुक्याच्या हायस्कुलात वरच्या वर्गांना अरबी शिकवतो तो. मी म्हटलं नव्हतं का, शाळेत जातो?"

"मग तुला तसलं काय लिहायचा?"

"उस्ताज, मामाशी गप्पा मारायला कुणी व्याकरण नेसून बसतं का?"

पत्राच्या शेवटी एक ओळ होती. आदरणीय गुरुजींनी वस्तुस्थितीत काही चुकलं असल्यास कळवण्याची आज्ञा केली, त्याप्रमाणे कळवतो की वस्तुस्थिती सर्व बरोबर आहे. फक्त पहिल्या पानावर 'तीन महिने' पुन्हा पाहावे.

मास्तरांनी आपली प्रत काढली. अरबीत तीनपासून दहापर्यंतचे आकडे उलटे चालतात. मोजायची वस्तू पुरुष असेल तर आकड्याला बाईचं रूप द्यायचं. महिना पुरुष. मास्तरांनी पाच वाजायच्या घाईत आकड्यालाही पुरुषच ठेवलं होतं. तांताच्या शाळेत हे सातवीला शिकवायचे, आणि चुकलं तर पोराला बाकावर उभं करायचे.

त्यांनी लाल पेन उचललं, त्या आकड्याच्या शेवटी राहिलेलं एक अक्षर जोडलं, आणि समासात काही लिहायला गेले. सालेम खांद्यावरून वाकून बघत होता.

"लिहा ना," तो म्हणाला, "लिंगभेद कळत नाही, पाया कच्चा."

मास्तरांनी पेनाला टोपण लावलं आणि कागद घडी करून खिशात घातला.

"सालेम," ते म्हणाले, "तुझा ट्रक लावलाय तिथं पार्किंग चालत नाही. जा, काढ तो."